जुन्या प्रमाणपत्रांवरची नवी सही

संस्थेत त्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मुली त्याला ‘पीडीएफदादा’ म्हणायच्या आणि मुलींचं ऐकून शिपायापासून हिशेबनीसापर्यंत सगळेच तसं म्हणायला लागले होते. सुरुवातीला त्याला राग यायचा, मग सवय झाली. पुढे एकदा बँकेत अर्ज भरताना स्वतःचंच नाव त्याला क्षणभर परकं वाटलं, तेव्हा त्याने तो विषय डोक्यातून काढून टाकला.

संस्था रुग्णसेविका तयार करायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, चिडक्या म्हाताऱ्यांशी कसं बोलायचं, हे सगळं तिथे शिकवत. अभ्यासक्रम संपला की परीक्षा आणि पास झालं की प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्राचं खातं त्याच्याकडे होतं. जिन्याखाली एक खोली होती, एके काळी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे. आता तिथे त्याचं टेबल, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा होता. वरून कोणी जिना उतरलं की त्याच्या डोक्यावर धपधप व्हायची, आणि त्यावरून त्याला कळायचं की जेवणाची सुट्टी झाली.

काम म्हटलं तर सोपं होतं. मुलीने संस्थेच्या वेबसाइटवर आपला नोंदणी क्रमांक टाकून ‘प्रमाणपत्र डाउनलोड करा’ हे बटण दाबलं की सर्व्हर डेटाबेसमधून तिचं नाव, अभ्यासक्रम, श्रेणी आणि तारीख काढायचा. ती माहिती तो एका तयार साच्यात भरायचा. नक्षीची चौकट, वर संस्थेचं चिन्ह, खाली शिक्का आणि संचालकांची सही, सगळं त्या साच्यात होतं. मग सर्व्हरवरच, पडद्यावर न दिसणारा एक ब्राउझर ते पान उघडायचा, त्याची पीडीएफ बनवायचा आणि मुलीच्या हातात द्यायचा. दोन-तीन सेकंदांचा खेळ. कोपऱ्यात एक क्यूआर कोड असायचा. तो कोणी स्कॅन केला की हीच सगळी क्रिया पुन्हा व्हायची आणि समोरच्याला खात्री करून घ्यायला तेच प्रमाणपत्र पुन्हा मिळायचं.

बनलेली पीडीएफ सर्व्हर साठवून ठेवत नसे. मागितली की ताजी करायची, दिली की विसरून जायचं. ही रचना त्याचीच, आणि त्याला तिचा अभिमान होता. फायलींचा ढिगारा नको, जागेची कटकट नको. कोणाच्या नावात चूक निघाली तर डेटाबेसमध्ये एक अक्षर बदलायचं, की पुढचं प्रमाणपत्र आपोआप बरोबर. मुलींनाही तो हेच सांगायचा, “फाइल जपत बसू नका. लिंक जपा. लिंक कधीही उघडा, ताजं मिळेल.”

दिवसभर कुठे कुठे प्रमाणपत्रं निघत राहायची. त्याच्या पडद्यावर प्रत्येकाची एकेक ओळ सरकायची. ज्यांची निघायची, त्यांपैकी कोणालाच हे माहीत नसायचं की जिन्याखाली एक माणूस ती ओळ बघतोय. फोन यायचा तो काही बिघडलं तरच. संध्याकाळी तो खोलीला कुलूप लावायचा, चालत घरी जायचा, एका माणसाचं जेवण करायचा आणि एकाच माणसाची भांडी घासायचा. आई गेल्यापासून घरात टीव्ही बोलायचा तेवढाच.

त्या दिवशी सकाळी फोन आला तो परदेशातून. आवाज दबलेला, कोणी ऐकेल की काय अशा भीतीचा.

“पीडीएफदादा का? मी जुनी विद्यार्थिनी बोलतेय. मोठ्या बाईंच्या वेळची.”

“बोला ना.”

“दादा, माझं प्रमाणपत्र खोटं आहे म्हणतात.”

तो सावरून बसला. बाईने हळूहळू सगळं सांगितलं. ती तिकडे एका आजोबांच्या घरी राहून त्यांची देखभाल करत होती. नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीने सगळ्या बायकांचे कागद नव्याने तपासायला घेतले. हिच्याकडे प्रमाणपत्राचा छापील कागद होता, पास झाल्यावर लगेच दुकानातून छापून घेतलेला. एजन्सीच्या मुलीने त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला. स्क्रीनवर प्रमाणपत्र आलं. नाव बरोबर, श्रेणी बरोबर, तारीख बरोबर. सही मात्र दुसऱ्याच माणसाची!

“माझ्या कागदावर मोठ्या बाईंची सही आहे, दादा. त्यांनी मला स्वतः शिकवलंय. आणि कॉम्प्युटरवर भलत्याच कोणाची तरी आहे. ते म्हणतात, तू सही चिकटवून कागद बनवलास. मला त्या घरातून काढलं. आता मी एका खोलीत आहे, सहाजणींच्यात. कोणी माझ्याशी बोलत नाही.”

“तुम्ही नंबर सांगा,” तो म्हणाला.

त्याने नंबर टाकला, बटण दाबलं. पीडीएफ उघडली. खाली उजव्या कोपऱ्यात नव्या संचालकांची टोकदार, डावीकडे झुकणारी सही होती आणि तिच्याखाली त्यांचंच नाव.

काय झालंय हे कळायला त्याला तेवढा एक क्षण पुरला. साच्यात ‘सही’ म्हणून एकच चित्र होतं आणि ‘संचालक’ म्हणून एकच नाव. मोठ्या बाई, म्हणजे आधीच्या संचालिका, निवृत्त झाल्या, नवे संचालक आले, त्यांच्या कार्यालयातून नव्या सहीचं चित्र त्याच जागी, त्याच नावाने चढवलं गेलं. नव्या प्रमाणपत्रांसाठी ते बरोबरच होतं. पण जुनी प्रमाणपत्रंही मागितली की त्या क्षणीच बनायची, त्या क्षणाची सही घेऊन. मोठ्या बाईंनी ज्या ज्या मुलीला पास केलं होतं, त्या सगळ्यांच्या प्रमाणपत्रावरून बाई एका दिवसात नाहीशा झाल्या होत्या. वर्ष उलटलं तरी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” तो म्हणाला. “आमच्याकडची गडबड आहे. मी बघतो.”

“लवकर बघा हां, दादा,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तुम्ही फोन ठेवू नका ना लगेच. इथे कोणी आपली भाषा बोलत नाही.”

त्याने विचारलं, आजोबा कसे होते? ती भरभरून बोलत राहिली. आजोबांना दाढी करून घ्यायला आवडायची नाही, पण ती गाणं म्हणू लागली की गाल पुढे करायचे. आता त्यांची दाढी कोण करत असेल, कोण जाणे. फोन बंद झाला तेव्हा त्याचा चहा गार झाला होता.

नवे संचालक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि लगेच एजन्सीला पत्र लिहायला बसले. संध्याकाळच्या आत उत्तरही आलं. एजन्सीचं म्हणणं असं की पत्र ठीक आहे, पण पत्रही कोणी बनवू शकतं. तुमच्या साइटवरून निघणारं प्रमाणपत्र आणि बाईच्या हातातला कागद, दोन्ही जुळले पाहिजेत. तोवर काम देता येणार नाही.

“त्यांचंही बरोबर आहे,” संचालक म्हणाले. “मग जुन्या प्रमाणपत्रांना जुनी सही लावून टाका.”

“लावतो, सर. पण जुनी सही नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“तुमची चढवली तेव्हा तिच्यावरच चढली. नाव तेच होतं ना.”

सर्व्हरच्या राखीव प्रती होत्या, पण त्या थोड्याच आठवड्यांच्या ठेवल्या जात. त्याआधीच्या आपोआप पुसल्या जायच्या. साच्याच्या आणि कोडच्या जुन्या आवृत्त्या नीट जपलेल्या होत्या, पण सहीचं चित्र कोडचा भाग नव्हतं, बाहेरून चढवलेलं होतं. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर सुरुवातीच्या चाचण्यांच्या पीडीएफ निघाल्या. त्यांच्यावर सहीच्या जागी त्यानेच गमतीने काढलेलं एक वेटोळं होतं. मुलींना ईमेल जायची त्यात फाइल नसायची, लिंक असायची.

मग त्याने जुन्या मुलींना फोन लावले. कोणाकडे त्या वेळी डाउनलोड केलेली फाइल असेल? कागद नको, फाइल.

“अहो दादा, तुम्हीच म्हणाला होता ना,” एकीने हसत सांगितलं, “फाइल जपत बसू नका म्हणून!”

दुसरीने तेच सांगितलं. तिसरीने फोन बदलला होता. पाचव्या की सहाव्या फोननंतर त्याने विचारणं सोडून दिलं. आपलं म्हणणं इतक्या जणींनी इतकं मनावर घेतलं असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

कागदावरची सही स्कॅन करता आली असती. पण कागदावर सहीच्या अंगावर शिक्का यायचा आणि दोन्हींच्या मागून नक्षी जायची. ते खरवडून काढलेलं चित्र फाटक्या कपड्यासारखं दिसलं असतं, आणि समोर संशय घ्यायला बसलेली माणसं होती.

“बाईंकडूनच नवी करून आणा की,” संचालक म्हणाले. “त्यांची सही त्यांनी केली, म्हणजे झालंच.”

मोठ्या बाईंचं घर लांब नव्हतं. निरोपाच्या दिवशी त्या सगळ्यांना म्हणाल्या होत्या, या हं घरी. सगळे हो हो म्हणाले होते. तोही म्हणाला होता. आता जिना चढताना त्याला आठवलं की इकडे यायची ही त्याची पहिलीच वेळ.

दार बाईंनीच उघडलं. पूर्वी त्या व्हरांड्यातून चालत आल्या की मुली आपोआप सरळ उभ्या राहायच्या. आता त्यांनी दाराची कडी सोडली आणि भिंतीला धरलं. उजवा हात सारखा हलत होता, कोणी तरी आतून दोरी ओढत असल्यासारखा.

“अरे, तू! पीडीएफ!” त्या म्हणाल्या. ‘दादा’ त्या कधीच म्हणायच्या नाहीत. “ये, ये. काय बिघडलं?”

घर स्वच्छ होतं, आणि इतकं आवरलेलं होतं की तिथे कोणी राहतंय असं वाटू नये. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या, पण एकाच खुर्चीसमोर टेबल झिजलेलं. त्याने काम सांगितलं. परदेशातल्या मुलीचं सांगितलं. बाईंना ती नीट आठवत होती. “गाणारी ना? रडायची फार. पण हात हलका होता तिचा.” मग त्यांनी विचारलं, “म्हणजे आता त्या सगळ्या मुलींच्या कागदावर कोण आहे?”

“नवे सर.”

खिडकीबाहेर कोणी तरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज येत राहिला.

“म्हणजे मी कोणाला शिकवलंच नाही तर,” त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. हिशेब जुळवून बघावा, तशा बोलल्या.

“तसं नाही, बाई. डेटाबेसमध्ये सगळं आहे. फक्त...”

“आण इकडे कागद.”

त्याने पांढरे कागद आणि काळं पेन आणलं होतं. बाईंनी पेन धरलं, डाव्या हाताने उजवं मनगट दाबलं आणि सही केली. पहिलं अक्षर आलं. पुढची रेघ थरथरत वर गेली आणि कागदाच्या बाहेर निघून गेली. त्यांनी दुसरा कागद घेतला. मग तिसरा. पूर्वी त्यांची सही एका झटक्यात व्हायची, शेवटी एक लांब आडवी रेघ, तलवारीसारखी. आता टेबलावर वाकड्यातिकड्या सह्यांचे कागद पसरत गेले आणि बाई एकेक बाजूला सारत राहिल्या. त्याला ‘पुरे’ म्हणावंसं वाटत होतं, पण बाईंना ‘पुरे’ कोण म्हणणार?

शेवटी त्यांनीच पेन ठेवलं.

“ही माझी नाही,” त्या म्हणाल्या. “ही लावलीस तर ती पोरगी आणखी अडकेल.”

“हो, बाई.”

“डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी थांबेल. थांबत नाही. चमचा धरते तेव्हा अर्धं अंगावर.” त्या किंचित हसल्या. “आयुष्यभर मुलींना शिकवलं, हात हलणाऱ्या माणसाला जेवण कसं भरवायचं. स्वतःचं स्वतःला भरवायचं कसं, ते अभ्यासक्रमात नव्हतं.”

तो खाली मान घालून कागद गोळा करू लागला. एकेक सही उलटी करून ठेवत होता. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “आमच्या ह्यांचंही तसंच येत असेल का रे आता?”

“कोणाचं?”

“ह्यांचं. यांनी केला होता की कोर्स. तुला माहीत नाही?”

त्याला माहीत नव्हतं. बाईंचे यजमान बँकेतून निवृत्त झाल्यावर घरी बसून कंटाळले, तेव्हा बाईंच्या आईने अंथरूण धरलं होतं. तू दिवसभर संस्थेत, मग आईंचं मीच बघतो, पण रीतसर शिकून बघतो, असं म्हणून त्यांनी प्रवेश घेतला. अख्ख्या वर्गात एकटा पुरुष. बायकोला वर्गात ‘बाई’ म्हणायचे आणि सगळ्या पोरी खुदुखुदु हसायच्या.

“ब श्रेणी दिली मी,” बाई म्हणाल्या. “उशी नीट लावता यायची नाही. किती सांगितलं तरी मानेखालीच कोंबायचे. आठ दिवस बोलत नव्हते माझ्याशी.” त्यांनी त्याच्या मोबाइलकडे बोट केलं. “त्यांचं काढून दाखव ना.”

त्याला टाळायचं होतं, पण काय सांगून टाळणार? त्याने मोबाइलवर साइट उघडली. बाईंना नोंदणी क्रमांक तोंडपाठ होता. पीडीएफ आली. यजमानांचं पूर्ण नाव, ब श्रेणी, तारीख. आणि खाली नव्या संचालकांची टोकदार सही.

बाईंनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला, तरी तो हलत होता. “हे तर यांना भेटलेसुद्धा नाहीत,” त्या म्हणाल्या. “हे आले त्याच्या आधीच हे गेले.” मग आपल्याच वाक्यातल्या दोन ‘हे’मुळे गुंता झाला हे लक्षात येऊन त्या हसायला गेल्या, पण हसू आलं नाही.

आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “बाई, त्यांनी तेव्हा हे डाउनलोड केलं होतं का? घरच्या कॉम्प्युटरवर?”

“केलं होतं म्हणजे काय! सगळ्या नातेवाइकांना पाठवत सुटले होते.”

“तो कॉम्प्युटर आहे?”

बाईंनी आतल्या खोलीकडे बघितलं. दार लोटलेलं होतं. “आहे. ते गेल्यापासून लावला नाही. तूच जा. मी इथे थांबते.”

खोलीत एक टेबल, खुर्चीवर घडी घातलेला स्वेटर आणि फडक्याने झाकलेला कॉम्प्युटर. त्याने फडकं काढलं, वायर जोडली, बटण दाबलं. आतला पंखा दम लागल्यासारखा घुरघुरला. बराच वेळ काळा पडदा, मग निळा, मग एका बागेचं चित्र. पासवर्ड नव्हताच. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये विजेची बिलं होती, औषधांची माहिती होती, आणि एकाच नावाच्या फायलींची रांग होती. पुन्हा पुन्हा डाउनलोड केली की ब्राउझर नावापुढे कंसात आकडा लावत जातो, तशी. यजमानांनी ज्याला पाठवायचं त्याच्यासाठी दर वेळी नव्याने उतरवून घेतली असणार.

त्याने पहिली उघडली.

सही होती. झटक्यात केलेली, शेवटी लांब आडवी रेघ. अक्षरं थोडी जुन्या वळणाची, कारण साच्यातला फाँट तेव्हा वेगळा होता. सही मात्र लख्ख होती.

त्याने हाक मारली नाही, पण बाई दारात येऊन उभ्या होत्या. चौकटीला धरून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. डावीकडे यजमानांचं नाव, उजवीकडे खाली त्यांचं स्वतःचं.

“छान दिसतंय,” त्या म्हणाल्या.

मग पडद्यावरच्या ‘ब’कडे बोट दाखवून, “तुला ‘अ’ करता येईल का रे? तुमच्या त्या डेटाबेसमध्ये?”

त्याने वळून पाहिलं. “येईल, बाई. एक ओळ बदलायची. पण करणार नाही.”

“नकोच करू,” त्या म्हणाल्या. “उशी खरंच नीट लावत नव्हते.” आणि त्या खुर्चीवरच्या स्वेटरवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. त्याने फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, कॉम्प्युटर बंद करायला हात नेला आणि थांबला.

“चालू ठेव,” बाई म्हणाल्या. “मी बंद करीन.”

पीडीएफमध्ये चित्रं पानात विरघळून जात नाहीत. ती आत वेगळी ठेवलेली असतात आणि ती उचलून बाहेर काढणारी साधनं आहेत. दुसऱ्या दिवशी त्याने सही बाहेर काढली तेव्हा तिचे दोन भाग निघाले. एक शाईचा, आणि दुसरा पारदर्शकतेचा, म्हणजे शाई कुठे आहे आणि मोकळं कुठे, हे सांगणारा. दोन्ही एकत्र केल्यावर शिक्का नाही, नक्षी नाही, नुसती सही उरली, चढवली होती तशीच्या तशी.

मग त्याने आपली अभिमानाची रचना मोडायला घेतली. डेटाबेसमध्ये सह्यांचा एक नवा तक्ता केला: कोणाची सही, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, चित्र कोणतं. नवं चित्र आता जुन्याच्या जागी बसणार नव्हतं, त्याला स्वतःची वेगळी जागा मिळणार होती. प्रत्येक प्रमाणपत्राच्या नोंदीत, ते कोणी दिलं, हे त्याच्या तारखेवरून भरलं. बाईंच्या निवृत्तीच्या सुमाराच्या एका तुकडीपाशी तो अडला. परीक्षा बाईंनी घेतली होती, प्रमाणपत्रं नंतर निघाली होती. तो विचारायला वर गेला. संचालक क्षणभर विचार करून म्हणाले, “मी आल्यावर दिली ना? मग जबाबदारी माझी. माझीच सही राहू द्या.” त्याला ते आवडलं.

शेवटचं काम सगळ्यात मोठं होतं. आता प्रत्येक प्रमाणपत्र एकदाच बनणार होतं आणि ती पीडीएफ कायमची साठवली जाणार होती. कोणी मागितली तर तीच फाइल मिळणार. काही दुरुस्ती झालीच तर नवी फाइल बनेल, पण जुनीही राहील, कोणी कधी का बदललं या नोंदीसकट. जुनी सगळी प्रमाणपत्रं एकदम बनवायला त्याने सोडली, तेव्हा सर्व्हर थोड्याच वेळात कोसळला. तो न दिसणारा ब्राउझर भलताच खादाड होता, शेकड्याने उघडल्यावर सगळी मेमरी गिळून बसला. मग त्याने रांग लावली. चार-चार घ्यायची, ती झाली की पुढची चार.

दिवसभर रांग सरकत राहिली. दर फाइलबरोबर एक नाव पडद्यावर यायचं आणि वर जायचं. एरवी तो बघत नसे, पण त्या दिवशी खुर्चीत मागे टेकून वाचत बसला. यांतल्या कितीतरीजणी कुठल्या कुठल्या घरांत, परक्या म्हाताऱ्यांच्या उशाशी बसलेल्या असतील. मध्ये एक पुरुषाचं नाव आलं. त्याने ती फाइल उघडून पाहिली, नीट आहे याची खात्री केली आणि बंद केली.

एजन्सीने पुन्हा स्कॅन केलं. या वेळी कागद आणि पडदा जुळले. साच्याचा फाँट मध्यंतरी बदलला होता, तेवढ्यावरून त्यांनी एक शंका काढलीच. संचालकांनी खुलासा लिहून दिला आणि प्रकरण मिटलं.

परदेशातल्या मुलीचा फोन आला. आवाज मोकळा झाला होता, पण आनंदाचा म्हणावा असा नव्हता.

“काम मिळालं, दादा. दुसऱ्या शहरात, एका आजींकडे.”

“आणि ते आजोबा?”

“त्यांच्याकडे दुसरी बाई ठेवली. मी विचारलं एजन्सीला, एकदा भेटून येऊ का? नको म्हणाले. असू दे. तुम्ही खूप केलंत.”

त्याला सांगावंसं वाटलं की आपण काही केलं नाही, उलट आपल्यामुळेच सगळं झालं. पण तिकडून कोणी तरी हाक मारली आणि ती “येते, येते” म्हणत फोन ठेवून गेली.

शनिवारी दुपारी तो बाईंकडे गेला. सगळं नीट झाल्याचं सांगायला, असं त्याने स्वतःशी ठरवलं होतं. फोनवर सांगून भागलं असतं हे त्यालाही कळत होतं. बाईंनी ऐकलं, मान हलवली, गाणाऱ्या मुलीला पुन्हा काम मिळालं म्हणून बरं वाटलं म्हणाल्या. आजोबांचं ऐकल्यावर त्यांनी मान फिरवली. “हे असंच असतं या कामात,” त्या म्हणाल्या. “जीव लावायला शिकवतो आम्ही. तो काढून घ्यायला नाही शिकवत.”

आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

चहा त्याने केला. भांडं कुठे, साखर कुठे, हे बाई बसल्या जागेवरून सांगत होत्या. कप अर्धाच भरायचा हे त्याला सांगावं लागलं नाही. ते दोघं टेबलाशी बसले. बोलण्यासारखं संपलं होतं. संपल्यावरही तो उठला नाही आणि त्यांनीही घड्याळाकडे पाहिलं नाही. बाईंनी दोन्ही हातांनी कप उचलला, तो ओठांपर्यंत नेईपर्यंत त्याने खिडकीबाहेर पाहिलं. खाली एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. कुत्रं प्रत्येक खांबापाशी थांबत होतं आणि माणूसही प्रत्येक वेळी थांबत होता.

“आता माझ्याकडे तुझं काही काम उरलं नसेल,” बाई म्हणाल्या.

“नाही, बाई.”

“हं.”

“पुढच्या शनिवारी येऊ?”

बाईंनी कप खाली ठेवला. थोडा चहा बशीत सांडला, तो त्यांनी बघितला आणि तसाच राहू दिला.

“जेवायलाच ये,” त्या म्हणाल्या. “पण मी सांगेन तसा स्वयंपाक तूच कर. माझ्याने होत नाही आता.”

“करीन,” तो म्हणाला.

उतरताना जिन्यात दिवा नव्हता. कठड्याला धरून तो एकेक पायरी उतरला. रस्त्यावर आल्यावर त्याने वर पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं. बाईंना तिथपर्यंत यायला वेळ लागला असता, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून तो थोडा वेळ थांबला. मग घरी गेला.